एकाच कुकरात दोन भात: उकडा टणक राहतो, साधा गिचका होतो

खानापूर, बेळगाव, जोयडा या पट्ट्यात बऱ्याच घरांत एका वेळी दोन तांदूळ शिजतात. सासू-सासऱ्यांना उकड्याचा भात आणि पेज लागते, पोरांना पांढरा भात हवा असतो, आणि पाहुणे आले की कपाटातला लांब दाण्याचा जुना बासमती बाहेर निघतो. तक्रारही सगळीकडे एकच: कुकरच्या दोन डब्यांत दोन तांदूळ लावले, दोन्हींत एकास दोन पाणी घातलं, चार शिट्ट्या केल्या. उघडून बघावं तर उकडा दाताखाली करकरतोय आणि वरच्या डब्यातल्या इंद्रायणीचा लगदा झालाय. दुसऱ्या दिवशी शिट्ट्या वाढवल्या तर उकडा बरा, पण लगद्याची खळ. कमी केल्या तर उलट. दिवाळीनंतर, नवं भात गिरणीतून आलं की ही तक्रार हमखास वाढते.

पहिला संशय पाण्यावर जातो. खरं तर चुकतं ते बहुतेकदा भिजवणं आणि वेळ. कोणत्याही तांदळाला स्वतः प्यायला लागतं ते पाणी साधारण त्याच्या मापाएवढं किंवा थोडं जास्त. एकास दोन, एकास तीन असं आपण म्हणतो त्यातलं उरलेलं पाणी वाफ होऊन जाण्यासाठी असतं, आणि किती वाफ जाणार हे तांदळापेक्षा भांड्यावर आणि शिजायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं. उघड्या पातेल्यात पाऊण तास रटरटणाऱ्या उकड्याला पाणी जास्त लागतं ते यामुळेच. कुकरच्या बंद डब्यातून वाफ फारशी जात नाही. म्हणून पातेल्याचं माप डब्याला लावलं की भात पाण्यात पोहतो.

आता उकडा वेगळा का वागतो ते बघू. त्याचं भात साळीसकट भिजवून, वाफवून किंवा उकळून वाळवलेलं असतं आणि मग कांडलेलं असतं. म्हणजे दाण्यातला स्टार्च एकदा शिजून गेलेला आहे. वाळताना आणि थंड होताना तो पुन्हा घट्ट बसतो, दाण्यातल्या बारीक भेगा सांधल्या जातात आणि दाणा काचेसारखा होतो. म्हणून उकडा कांडताना कमी तुटतो, शिजताना पाण्यात कमी विरघळतो आणि जास्त शिजला तरी सहसा लगदा होत नाही. पण हाच घट्ट बसलेला स्टार्च पुन्हा मऊ व्हायला वेळ घेतो. उकड्याला मुख्यतः वेळ हवा असतो, आणि तो वेळ चुलीवर द्यायचा की भिजवण्यात द्यायचा हे आपल्या हातात आहे.

भिजवण्यातला फरक फार कमी लोक लक्षात घेतात. साधा, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळ थंड पाण्यात घातला तर साधारण अर्ध्या तासात त्याचं पोट भरतं. शंभर ग्रॅमचे सव्वाशे-एकशे तीस ग्रॅम होतात आणि तिथे तो थांबतो. स्टार्च कच्चा आहे तोवर थंड पाणी त्याहून आत जात नाही. पुढे तीन तास ठेवला तरी फायदा शून्य. उलट दाणा ठिसूळ होतो, धुताना मोडतो आणि उन्हाळ्यात पाणी आंबूस होतं. उकड्याचं तसं नाही. त्याचा स्टार्च आधीच फुललेला असल्यामुळे तो तासन्‌तास पाणी पीत राहतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी भराभर. त्यामुळे उकडा अर्धा तास भिजवणं म्हणजे जवळजवळ न भिजवणंच. रात्री भिजत घातलेला उकडा सकाळी चुलीवर जातो तेव्हा त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

घाई असेल तर उकळतं पाणी ओतून झाकून तासभर ठेवावा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

धुण्याबद्दल एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय, की नवा तांदूळ खूप धुतला की भात मोकळा होतो. चार पाण्यांनी धुवा, सहा पाण्यांनी धुवा, इंद्रायणी चिकटायची ती चिकटणारच. धुण्याने वरचा कोंडा, पीठ आणि धूळ जाते. भाताला चिकटपणा येतो तो शिजताना दाण्यातून बाहेर पडणाऱ्या स्टार्चमुळे, आणि तो धुताना अजून आतच असतो. दोन-तीन पाणी पुरे. उकडा मात्र चोळून, कोमट पाण्याने धुवावा. गावाकडे भात दोन-तीन दिवस भिजवून उकडलं असेल तर त्याला एक आंबूस वास राहतो, आणि तो पहिल्या दोन पाण्यांत बराच निघतो. उकडा चोळल्याने तुटत नाही. जुना बासमती मात्र अजिबात चोळायचा नाही. मोठ्या पातेल्यात पाणी ओतायचं, बोटांनी हलकं फिरवायचं आणि निथळायचं.

धुताना रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळ्या रंगाचे किंवा वर तरंगणारे दिसले तर ते प्लास्टिक समजून वेचून टाकू नका. ते पोषणयुक्त दाणे असतात. तांदळाचंच पीठ, लोह आणि जीवनसत्त्वं घालून दाण्याच्या आकारात काढलेले, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. ही सत्त्वं दाण्याच्या आतच मिसळलेली असल्यामुळे नेहमीच्या धुण्याने ती फारशी जात नाहीत.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. माझ्या वहिनींचं घर खानापूरजवळ. कुकर पाच लिटरचा, डबे दोन. खालच्या डब्यात एक वाटी उकडा, वरच्यात एक वाटी त्यांच्याच शेतातली, डिसेंबरात कांडून आणलेली इंद्रायणी. दोन्ही तांदूळ धुऊन लगेच लावलेले, पाणी दोन्हींत दोन वाट्या, चार शिट्ट्या. उकड्यात मधली कणी टणक आणि डब्यात पाणी तसंच उरलेलं. इंद्रायणीत पाणी टिपूसभर नाही, पण दाणा ओळखू येत नाही.

यातली खूण वाचता आली पाहिजे. उकड्याच्या डब्यात पाणी उरलंय आणि दाणा टणक आहे, म्हणजे पाणी कमी पडलेलं नाही, वेळ कमी पडला. इथे आणखी पाणी घालून काही होणार नाही. इंद्रायणीत उलट: तिला लागेल त्याहून जास्त पाणी मिळालं, आणि नव्या तांदळाच्या दाण्याची भिंत अजून मऊ असल्यामुळे तो ते सगळं पिऊन फुटला.

वहिनींनी मग दोन बदल केले. उकडा रात्रीच धुऊन भिजत घातला. सकाळी ते पाणी काढलं आणि डब्यात नव्याने दोन वाट्या पाणी घातलं. भिजलेल्या दाण्यात बरंच पाणी आधीच होतं, त्यामुळे तीन वाट्यांची गरज राहिली नाही. हा एकच डबा आधी कुकरात ठेवून तीन शिट्ट्या केल्या आणि गॅस बंद करून वाफ जिरू दिली. मग कुकर उघडून वर इंद्रायणीचा डबा बसवला. त्यात धुतलेली इंद्रायणी, न भिजवता, आणि पाणी फक्त दीड वाटी. आणखी दोन शिट्ट्या, मग दहा मिनिटं तसंच. उकडा फुलला, मऊ झाला, दाणा शाबूत. इंद्रायणी चिकट झाली, पण दाणा दिसत होता. आणि इंद्रायणी चिकटच असायला हवी. ज्याला ती मोकळी हवी त्याने दुसरा तांदूळ घ्यावा, तिला दोष देऊ नये.

रोज सकाळी कुकर दोनदा उघडणं जमत नसेल तर दुसरा मार्ग वरच्या डब्यातला तांदूळ बदलण्याचा. जुना सोना मसुरी किंवा ‘स्टीम’ लिहिलेला तांदूळ घेतला, पाणी पावणेदोन ते दोन वाट्या ठेवलं, तर रात्रभर भिजलेल्या उकड्याबरोबर चार शिट्ट्या तो सोसतो. बेळगावात रविवार पेठेत पोत्यावर ‘रॉ’ आणि ‘स्टीम’ असे दोन शब्द दिसतात. रॉ म्हणजे नुसता कांडलेला. स्टीम म्हणजे भाताला थोडी वाफ देऊन कांडलेला. तो उकड्याइतका शिजलेला नसतो, पण दाणा एवढा सावरतो की नवा असूनही जुन्यासारखा मोकळा होतो. ‘कुच्चलक्की’ लिहिलं असेल तर तो पुरता उकडा. पोतं घेताना हे तीन शब्द बघितले तर निम्मी कटकट दुकानातच मिटते.

नवा आणि जुना यांतला फरक नुसता ओलाव्याचा नाही. तांदूळ साठवला की पहिल्या तीन-चार महिन्यांत दाण्यातली प्रथिनं आणि स्टार्चभोवतीच्या भिंती हळूहळू कडक होतात. मग शिजताना स्टार्च बाहेर कमी येतो, दाणा पाणी जास्त पितो आणि फुटण्याऐवजी फुगतो. म्हणून डिसेंबरात दीड वाटी पाण्यात शिजलेल्या त्याच पोत्यातल्या तांदळाला होळीच्या सुमारास पावणेदोन लागतात आणि पावसाळ्यात दोन. माप बदललं नाही तर पावसाळ्यात तोच भात कोरडा लागतो, आणि मग लोक म्हणतात तांदूळ बिघडला. नवं पोतं उघडल्यावर पहिल्या दिवशी पाणी पाव वाटी कमी ठेवून बघावं. कोरडा झाला तर उकळतं पाणी शिंपडून झाकून सावरता येतो. लगदा झालेला भात मात्र परत येत नाही, त्याचा दहीभातच करावा लागतो.

कमी-जास्त कळायला एक साधी कसोटी आहे. शिजत आलेल्या साध्या तांदळाचे पाच-सहा दाणे ताटलीवर काढा आणि वाटीच्या बुडाने दाबून चपटे करा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर तेवढा भाग अजून कच्चा आहे, वेळ द्या. दहातल्या नऊ दाण्यांत ठिपका नसेल तर गॅस बंद करा, उरलेला दाणा वाफेवर होतो. ठिपका नाही पण दाणा कोरडा आणि रबरासारखा लागतो, तेव्हा पाणी कमी पडलंय. उकड्याला ही कसोटी चालत नाही, कारण त्याचा स्टार्च आधीच शिजलेला असल्यामुळे पांढरा ठिपका सहसा दिसतच नाही. तिथे दाणा दोन बोटांत चिरडून बघायचा. मधोमध कडक रेघ हाताला लागली तर अजून वेळ हवा.

उकडा उघड्या टोपात करणं मला स्वतःला जास्त पटतं. एका वाटीला सहा वाट्या पाणी, उकळी आली की तांदूळ घालायचा आणि मध्यम आचेवर ठेवायचा. रात्रभर भिजवलेला असेल तर पंचवीस-तीस मिनिटं, नाहीतर पाऊण तास. मग भात वेळून घ्यायचा. इथे पाण्याच्या मापाची भानगडच राहत नाही, लागेल तेवढं तो पितो आणि उरलेली पेज मीठ घालून प्यायला होते. गोव्याकडच्या पाहुण्यांनी सांगितलेली मिनिटं मात्र तंतोतंत धरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे आणि इथे पाणी 97.5 अंशांच्या आसपास उकळतं. फरक थोडा आहे, पण उकड्यासारख्या सावकाश शिजणाऱ्या तांदळाला चार-पाच मिनिटं जास्त लागतात ती त्यामुळेच.

बासमतीची तक्रार वेगळी असते: दाणा लांब होण्याऐवजी आडवा तुटतो. जुना बासमती खूप कोरडा आणि ठिसूळ असतो. न भिजवता उकळत्या पाण्यात पडला की बाहेरचा थर झपाट्याने पाणी पितो आणि आतला कोरडाच राहतो, त्या ताणाने दाणा तडकतो. अर्धा तास थंड पाण्यात भिजवला की आत-बाहेर ओल सारखी होते आणि मग तो लांबीत वाढतो. तासभर ठेवण्यात अर्थ नाही, वर सांगितलेल्या कारणासाठीच. निथळून, जाड बुडाच्या पातेल्यात एका वाटीला दीड वाटी पाणी, उकळी आल्यावर झाकण आणि अगदी मंद आच, बारा मिनिटं. मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उचलायचं नाही. गरम असताना दाणा सर्वांत नाजूक असतो, त्यामुळे ढवळणं टाळा आणि काढताना डावाऐवजी चपट्या उलथन्याने कडेने काढा. कुकरच्या शिट्ट्यांवर हा तांदूळ लावू नये. दाबाखाली तो शिजतो, पण लांबी वाया जाते.

बासमती भिजवूनही टणक राहिला तर पिशवी पुन्हा बघा. बिर्याणीसाठी म्हणून विकला जाणारा ‘सेला’ हाही बासमतीच, पण उकडलेला. दाणा पिवळसर किंवा सोनेरी, उजेडाकडे धरला तर काचेसारखा. तो दिसायला बासमती असला तरी वागतो उकड्यासारखा: निदान दीड-दोन तास भिजवणं, मोकळ्या उकळत्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं. साध्या बासमतीला बिर्याणीच्या पहिल्या उकळीत सहा-सात मिनिटं पुरतात. लग्नाच्या जेवणावळीत आचारी सेला पसंत करतात ते तो तासभर गरम राहूनही मोडत नाही म्हणून. घरी चार माणसांच्या पुलावाला मात्र मला तो जाडसर आणि कोरडा वाटतो, आणि वासही कमी.

आपल्याकडचा बेळगाव बासमती या हिशेबात बसत नाही हेही लक्षात ठेवा. त्याचा दाणा उत्तरेतल्या बासमतीइतका लांब नसतो. त्याचं मोल वासात आहे. तांदळाचा सुवास उडून जाणारा असतो, साठवणीत कमी होतो आणि लांबलेल्या शिजवण्यातही. म्हणून हा तांदूळ मुद्दाम दोन वर्षं जुना करू नये. पंधरा-वीस मिनिटं भिजवा, भिजवलेलं पाणीच शिजवायला वापरा आणि झाकण घट्ट ठेवा. पाणी नव्याला दीड वाटी, सहा महिन्यांच्याला पावणेदोन.

एवढं सगळं करूनही एकाच पातेल्यात काही दाणे लगदा आणि काही कणीदार निघत असतील, तर तुमची पद्धत नाही, पोतं चुकीचं आहे. नवा-जुना किंवा साधा-उकडा मिसळलेला तांदूळ स्वस्तात फिरत असतो. ओळखायला मूठभर तांदूळ काळ्या कापडावर पसरा. दुधाळ पांढरे दाणे आणि पिवळसर पारदर्शक दाणे शेजारी शेजारी दिसले तर उकड्याची भेसळ आहे. नव्या-जुन्याची भेसळ डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पन्नासेक दाणे उकळत्या पाण्यात टाका आणि बारा मिनिटांनी ताटलीत दाबून बघा. काही पार चपटे होऊन पसरले आणि काहींत ठिपका तसाच राहिला, की समजा. अशा पोत्याला भातासाठी कोणतंच माप लागू पडत नाही, कारण एकाला पुरेल ती वेळ दुसऱ्याला जास्त होते. दुकानदार परत घेत असेल तर द्या. नाहीतर उडदाबरोबर भिजवून इडली-डोशाला संपवा. तिथे तो वाटला जातो, त्यामुळे दाण्यादाण्यातला फरक आड येत नाही.